पावसामुळे, पावसाने, पावसाचा: एकाच शब्दाचा शोध

मराठी शब्द वाक्यात आला की मूळ रूपात क्वचितच राहतो. ‘पाऊस’ हा शब्द बातम्यांत ‘पावसाने’, ‘पावसामुळे’, ‘पावसाचा’, ‘पावसात’, ‘पावसापासून’ अशा रूपांत दिसतो आणि निव्वळ ‘पाऊस’ त्यामानाने कमी दिसतो. माणसाला ही सगळी रूपे एकाच शब्दाची वाटतात, कारण प्रत्यय बाजूला ठेवून मूळ शब्द ओळखणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. संगणकाला मात्र ती वेगवेगळी अक्षरमाला म्हणूनच दिसतात. शोधाच्या चौकटीत ‘पाऊस’ टाकले की अगदी त्याच अक्षरांचा शब्द असलेले लेख तेवढे सापडतात, आणि ‘मुसळधार पावसामुळे वाहतूक विस्कळीत’ ही बातमी संग्रहात असूनही समोर येत नाही.

हिंदीत ही अडचण इतकी तीव्र नाही. तिथे ‘बारिश में’, ‘बारिश से’, ‘बारिश का’ असे परसर्ग सुटे लिहिले जातात, त्यामुळे ‘बारिश’ हा शब्द जसाच्या तसा हाती लागतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिण्याची पद्धत आहे, आणि जोडण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूपही होते. शोधयंत्रासाठी म्हणून मराठीत दोन कामे होतात: चिकटलेला प्रत्यय काढणे आणि सामान्यरूपाचा मागमूस पुसणे.

यावरचा साधा उपाय म्हणजे प्रत्ययांची नियमयादी. संगणकशास्त्रात या कामाला स्टेमिंग म्हणतात. इंग्रजीसाठी अशी पहिली प्रकाशित पद्धत ज्युली बेथ लोव्हिन्स यांनी 1968 मध्ये मांडली, आणि मार्टिन पोर्टर यांची 1980 मधील नियमयादी आजही वापरात आहे. हिंदीसाठी अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांनी 2003 मध्ये 65 प्रत्ययांची छोटी यादी केली होती. या सगळ्यांमागची कल्पना एकच आहे: शब्दकोश न उघडता, केवळ शब्दाच्या शेपटाकडे पाहून त्याचे एक संक्षिप्त रूप काढायचे. या रूपाला इथे ‘शोधरूप’ म्हणू.

शोधयंत्र लेख साठवताना प्रत्येक शब्दाची एक सूची तयार करते आणि कोणता शब्द कोणत्या लेखात आहे ते त्या सूचीत नोंदवते. प्रत्यय काढण्याची पद्धत वापरली तर सूचीत ‘पावसामुळे’ऐवजी त्याचे शोधरूप ‘पावस’ नोंदले जाते. वाचकाने ‘पाऊस’ टाइप केले की त्यावरही तेच नियम चालतात आणि मग दोन शोधरूपांची जुळणी होते. मूळ लेखाला हात लागत नाही आणि वाचकाला शोधरूप कधी दिसतही नाही. म्हणूनच शोधरूप हा व्याकरणदृष्ट्या खरा शब्द असण्याची गरज नाही. ‘शाळा’, ‘शाळेत’, ‘शाळांमध्ये’ या तिन्हींचे शोधरूप ‘शाळ’ निघाले तरी चालते. अट एवढीच की एका शब्दाची सगळी रूपे एकाच शोधरूपावर यावीत आणि वेगळ्या अर्थाचे शब्द शक्यतो त्यात मिसळू नयेत.

थरांची उतरंड

मराठी नामाला प्रत्यय थराथराने चिकटतात. ‘शेतकऱ्यांच्याकडूनही’ हा शब्द उजवीकडून सोलत गेले तर आधी ‘ही’ निघतो, मग ‘कडून’, मग ‘च्या’, आणि शेवटी ‘शेतकऱ्यां’ हे अनेकवचनी सामान्यरूप उरते. म्हणून नियमांचा क्रमही बाहेरून आत असा लावावा लागतो. सर्वांत बाहेर ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ यांसारखी जोर देणारी अव्यये, त्यांच्या आत ‘साठी’, ‘मुळे’, ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘मध्ये’, ‘कडून’ यांसारखी शब्दयोगी अव्यये, त्यांच्या आत ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘त’ यांसारखे विभक्तिप्रत्यय आणि सर्वांत आत सामान्यरूपाची खूण.

दर थरात जास्तीत जास्त एकच प्रत्यय काढायचा, आणि एका थरातले दोन प्रत्यय लागू पडत असतील तर लांब असलेला निवडायचा. ‘घरातील’ या शब्दातून ‘ील’ न काढता ‘तील’ काढला पाहिजे, नाहीतर ‘घरात’ असे अर्धवट रूप उरेल. ‘मध्ये’ किंवा ‘पर्यंत’सारखा लांब प्रत्यय योगायोगाने मूळ शब्दाचाच भाग असण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून लांब प्रत्यय बिनधास्त काढता येतात. खरी जोखीम आखूड प्रत्ययांत आहे, आणि मराठीत सर्वांत जास्त वापरले जाणारे प्रत्यय नेमके आखूड आहेत.

‘त’ हा एका अक्षराचा प्रत्यय घेऊ. यादीत नुसते ‘शब्दाच्या शेवटचा त काढा’ असे लिहिले तर ‘भारत’चा ‘भार’ होतो, ‘मदत’चा ‘मद’ आणि ‘पंचायत’चा ‘पंचाय’. ‘भारत’ शोधणाऱ्याला ट्रकमधल्या भाराच्या बातम्या मिळू लागतात. ‘ला’ आंधळेपणाने काढला तर ‘महिला’चे ‘महि’ होते, तर ‘महिलांना’ या रूपातून ‘ना’ निघून ‘महिल’ उरते. आता ‘महिला’ शोधणाऱ्याला ‘महिलांना आरक्षण’ सापडत नाही. नियमयादी लावण्यापूर्वी ते सापडत नव्हते आणि लावल्यानंतरही सापडत नाही, वर ‘महि’सारखे निरर्थक रूप सूचीत शिरले ते वेगळेच. ‘ना’ सरसकट काढला तर ‘योजना’, ‘सूचना’, ‘घटना’, ‘संघटना’ या सरकारी बातम्यांतल्या रोजच्या शब्दांची मोडतोड होते.

प्रत्ययाच्या आधीचे अक्षर

या घोळातून बाहेर पडण्याचा मार्ग मराठी व्याकरणातच आहे. विभक्तिप्रत्यय सामान्यरूपाला लागतो, आणि मराठी नामाचे सामान्यरूप जवळजवळ नेहमी दीर्घ स्वराने किंवा अनेकवचनात अनुस्वाराने संपते: घरा-त, शाळे-त, नदी-त, वस्तू-त, गावां-त. म्हणजे ‘त’ काढण्यापूर्वी त्याच्या आधी काय आहे ते पाहायचे. तिथे ा, ी, ू, े यांपैकी मात्रा, अनुस्वार किंवा ‘मुंबईत’मधल्यासारखा पूर्ण स्वर असेल तरच तो प्रत्यय मानायचा. ‘भारत’मध्ये ‘त’च्या आधी मात्रा नसलेला ‘र’ आहे, म्हणून तो वाचतो. ‘मदत’, ‘पद्धत’, ‘सोबत’, ‘पंचायत’ हेही वाचतात. ‘भारतात’ मात्र ‘भारता’ होतो आणि पुढच्या टप्प्यात ‘भारत’.

हीच अट ‘ला’ला लावली की ‘महिला’ सुटतो, कारण तिथे आधी ऱ्हस्व ‘ि’ आहे आणि सामान्यरूप ऱ्हस्व इकारात संपत नाही. ‘ने’ला लावली की ‘सोने’ सुटतो, कारण ओकार सामान्यरूपाच्या शेवटी क्वचितच येतो. ‘जुने’ आणि ‘नमुने’ ऱ्हस्व उकारामुळे वाचतात. ‘मोर्चा’ आणि ‘चर्चा’ यांत ‘चा’च्या आधी हलन्त ‘र्’ आहे, म्हणून त्यांतला ‘चा’ हलत नाही.

‘ना’ आणि ‘नी’ यांची गोष्ट आणखी सोपी आहे. हे प्रत्यय अनेकवचनाचे किंवा आदरार्थी रूपाचे असल्याने त्यांच्या आधी अनुस्वार असतोच: लोकांना, शेतकऱ्यांनी, राष्ट्रपतींना. म्हणून नियम असा करायचा की ‘ना’ आणि ‘नी’ फक्त अनुस्वारानंतर काढावेत. एवढ्या एका अटीने ‘योजना’, ‘सेना’, ‘राजधानी’ असे शेकडो शब्द सुरक्षित होतात. शुद्धलेखनात ज्या अनुस्वारावरून सतत वाद होत आले, त्यातला अनेकवचनाचा अनुस्वार शोधयंत्राच्या किती उपयोगाचा आहे ते इथे दिसते.

‘च’ आणि ‘ही’ यांना वेगळी अट लागते, कारण ते कशालाही चिकटतात. त्यांच्यासाठी उपयोगी पडणारा नियम असा: उरलेला भाग एखाद्या ओळखीच्या प्रत्ययात संपत असेल तरच ‘च’ किंवा ‘ही’ काढायचा. ‘घरातच’मधून ‘घरात’ उरते आणि त्याच्या शेवटी ‘त’ आहे, म्हणून काढणे बरोबर ठरते. ‘सरपंच’मधून ‘सरपं’ उरेल आणि ‘लोकशाही’मधून ‘लोकशा’. या दोन्हींच्या शेवटी प्रत्यय नाही, म्हणून ते शब्द तसेच ठेवायचे. ‘रामच’ किंवा ‘तोच’ यांतला ‘च’ या अटीमुळे राहून जातो, पण असे शब्द शोधण्याची वेळ क्वचितच येते.

दुसरी अट लांबीची. प्रत्यय काढल्यावर किमान तीन चिन्हे उरली पाहिजेत. चिन्ह म्हणजे युनिकोडमधले एक स्थान: व्यंजन एक, मात्रा एक, अनुस्वार एक, हलन्तखूण एक. त्या हिशेबाने ‘शेत’मधून ‘त’ काढला तर ‘शे’ म्हणजे दोनच चिन्हे उरतात, म्हणून तो काढायचा नाही. ‘हात’, ‘रात’, ‘गीत’, ‘माने’, ‘पाच’ हे याच अटीवर तगतात. ‘कडे’ या प्रत्ययामुळे ‘आकडे’, ‘तुकडे’, ‘माकडे’, ‘लाकडे’ धोक्यात येतात, पण त्यांतही दोन किंवा त्याहून कमी चिन्हे उरत असल्याने ते वाचतात.

सामान्यरूप पुसताना

प्रत्यय गेला तरी ‘घरा’ आणि ‘घर’, ‘शाळे’ आणि ‘शाळा’, ‘रस्त्या’ आणि ‘रस्ता’ वेगळेच राहतात. ते एका ठिकाणी आणण्यासाठी शेवटचा अनुस्वार आणि शेवटची दीर्घ मात्रा काढून टाकायची, आणि तिच्या मागे ‘्य’ असेल तर तोही काढायचा. मग रस्ता, रस्ते, रस्त्यात, रस्त्यांचा हे सगळे ‘रस्त’वर येतात, सोने आणि सोन्याचा ‘सोन’वर, नदी आणि नद्यांचा ‘नद’वर.

‘्य’चा प्रश्न इथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘्या’ हा एकसंध तुकडा म्हणून काढला तर ‘संख्या’चे ‘संख’ होते, पण ‘संख्येने’चे ‘संख्य’, कारण त्यात ‘्या’ नाही, ‘्ये’ आहे. समस्या, हत्या, विद्या या सर्वांची हीच गत होते. आधी मात्रा आणि मग ‘्य’ असे दोन तुकडे केले की दोन्ही रूपे ‘संख’वर येतात. पण त्याची किंमत ‘राज्य’ला मोजावी लागते: ‘राज्य’ आणि ‘राज्यात’ यांचे शोधरूप ‘राज’ होते, आणि ‘राजा’चेही तेच. इथे दोन वाईटांतून एक निवडायचे असते. नको तो शब्द जुळला तर वाचकाला यादीत काही असंबद्ध लेख दिसतात आणि तो ते सोडून पुढे जातो. हवा तो शब्द जुळलाच नाही तर हवा तो लेख अस्तित्वात आहे हेही त्याला कळत नाही. म्हणून जुळणीकडे झुकणे बरे, आणि ‘राज्य’सारख्या वारंवार येणाऱ्या शब्दासाठी अपवाद लिहावा.

काही सरमिसळ तर भाषेतच आहे. ‘पुण्याचा’ हा शब्द पुणे या शहराचा की पुण्य या कल्पनेचा, हे मराठी वाचकालाही वाक्य वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. प्रत्ययांची यादी फक्त शब्द पाहते, वाक्य पाहत नाही, त्यामुळे तिच्याकडून हा निवाडा होणार नाही.

यानंतर शब्दाच्या पोटातले बदल. मराठी शुद्धलेखनाच्या नियमानुसार उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: फूल–फुलाला, मीठ–मिठाचा, गरीब–गरिबांना, निवडणूक–निवडणुकीत. तत्सम शब्द याला अपवाद आहेत, ‘शरीर’चे ‘शरीरात’च होते. कोणता शब्द तत्सम हे यादीला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. शोधरूपात सगळे दीर्घ ‘ी’ आणि ‘ू’ ऱ्हस्व करून टाकले की प्रश्न मिटतो. वाचकाने ‘निवडणुक’ असे चुकीच्या ऱ्हस्वाने टाइप केले तरीही मग शोध लागतो. ‘दीन’ आणि ‘दिन’ एकत्र येतात हे खरे, पण त्या बदल्यात मिळणारा फायदा कितीतरी मोठा आहे.

‘पाऊस–पावसा’, ‘देऊळ–देवळा’, ‘पाऊल–पावला’ या शब्दांसाठी एक छोटा नियम पुरतो: मात्रेनंतरच्या ‘ऊ’पुढे व्यंजन असेल तर ‘ऊ’चा ‘व’ करायचा. ‘भाऊ’मध्ये ‘ऊ’पुढे व्यंजन नाही, म्हणून तो तसाच राहतो आणि बाजारभावाच्या ‘भाव’मध्ये मिसळत नाही. ‘कापूस–कापसाला’, ‘माणूस–माणसाने’, ‘तांदूळ–तांदळाचा’, ‘लाकूड–लाकडाची’ यांत उकार लोप पावतो. ‘निवडणूक’मध्ये मात्र तो टिकतो, म्हणून सरसकट नियम करता येत नाही. ‘पैसा–पैशाने’ आणि ‘मासा–माशाला’ यांत तर व्यंजनच बदलते. अशा शब्दांची जोड्यांची छोटी यादी हाताने करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

याआधी एक साफसफाई करावी लागते, आणि ती विसरली तर वरचे सगळे नियम बरोबर असूनही शोध फसतो. ‘शेतकऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: कधी ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, तर कधी साधा ‘र’, हलन्तखूण आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह `U+200D` वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून नियम लावण्यापूर्वी जोडचिन्ह काढून टाकायचे आणि ‘ऱ’चा ‘र’ करायचा. ‘ॲप’मधला ‘ॲ’ही असाच कधी एका चिन्हाने, तर कधी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जातो. तोही एका रूपात आणावा.

हे सगळे पायथन या संगणकभाषेत लिहिले तर काही ओळींत मावते. खालच्या नमुन्यात ‘च’ आणि ‘ही’चा थर आणि ‘ॲ’ची साफसफाई जागेअभावी वगळली आहे.

```python
import re

V = "(?<=[ाीूेंईऊ])"
RULES = [
    "(पर्यंत|पासून|मध्ये|मधील|साठी|मुळे|कडून|कडे)$",
    V + "(च्या|चा|ची|चे|तील|वर|ला|ने|त)$",
    "(?<=ं)(ना|नी)$",
]
KEEP = {"गुजरात", "जाहिरात", "संगीत", "जनावर", "दुकाने"}

def key(w):
    w = w.replace("\u200d", "").replace("ऱ", "र")
    for r in RULES:
        cut = re.sub(r, "", w)
        if w not in KEEP and len(cut) >= 3:
            w = cut
    w = re.sub("(्य)?[ाेीू]?ं?$", "", w)
    w = re.sub("([ाे])ऊ(?=[क-ह])", r"\1व", w)
    return w.replace("ी", "ि").replace("ू", "ु")
```

‘शेतकऱ्यांच्याकडून’ हा शब्द यातून नेला तर आधी ‘ऱ’चा ‘र’ होतो, पहिल्या नियमाने ‘कडून’ जातो, दुसऱ्याने ‘च्या’ जातो (त्याच्या आधी अनुस्वार आहे), तिसरा लागू होत नाही, आणि शेवटच्या साफसफाईत ‘्य’, मात्रा व अनुस्वार जाऊन ‘शेतकर’ उरते. ‘शेतकरी’ या मूळ शब्दावर एकही नियम चालत नाही, फक्त शेवटची ‘ी’ जाते आणि तोही ‘शेतकर’वर येतो. ‘निवडणूक’, ‘निवडणुका’, ‘निवडणुकीत’, ‘निवडणुकीतील’, ‘निवडणुकांसाठी’ हे पाचही ‘निवडणुक’वर पोहोचतात. ‘पाऊस’ आणि ‘पावसामुळे’ ‘पावस’वर येतात. रत्नागिरीजवळच्या पावस या गावाच्या बातम्याही अर्थातच त्यात येऊन मिसळतात.

अपवादांची यादी कशी सापडते

`KEEP` या नावाखालचे शब्द सगळ्या अटी पार करूनही चुकीचे कापले जाणारे आहेत. ‘गुजरात’मध्ये ‘त’च्या आधी खरेच ‘ा’ आहे, म्हणून अपवाद नसेल तर त्याचे ‘गुजर’ होते. ‘जनावर’मधला ‘वर’ निघून, मात्रा जाऊन ‘जन’ उरते आणि गुरांच्या बातम्या जनतेच्या बातम्यांत जातात. ‘दुकाने’ हे ‘दुकान’चे अनेकवचन आहे, पण यादीला ते ‘दुका’ची तृतीया वाटते. ‘मैदाने’, ‘विमाने’, ‘उद्याने’, ‘स्थाने’ यांचीही तीच कथा. ‘जाहिरात’ तर दुहेरी फसवतो: तो स्वतः ‘जाहिर’ होतो, पण ‘जाहिरातीत’चे ‘जाहिरात’ होते, आणि दोघांची गाठ पडत नाही.

असे शब्द आधी बसून आठवता येत नाहीत, ते संग्रहातूनच काढावे लागतात. त्यासाठी संग्रहातल्या सर्व शब्दांची शोधरूपे काढून दोन याद्या छापाव्यात. पहिल्या यादीत एकाच शोधरूपावर आलेले शब्द शेजारी शेजारी ठेवावेत. त्यात ‘राजा’ आणि ‘राज्य’ किंवा ‘जन’ आणि ‘जनावर’ एका ओळीत दिसले की सरमिसळ लगेच डोळ्यांत भरते. दुसऱ्या यादीत सुरुवातीची चार चिन्हे सारखी, पण शोधरूपे वेगळी असलेले शब्द ठेवावेत. ‘जाहिर’ आणि ‘जाहिरात’, किंवा ‘नागपुर’ आणि ‘नागपुरल’ अशी फाटाफूट तिथे सापडते. जास्त वेळा येणारे शब्द आधी तपासले तर थोड्या श्रमात बहुतेक मोठ्या चुका हाती लागतात. ‘दुकाने’सारख्या चुकांसाठी एक यांत्रिक पडताळणीही करता येते: ‘ने’ काढल्यावर उरलेल्या ‘दुका’ला ‘दुकाला’, ‘दुकाचा’ अशी भावंडे संग्रहात कुठेच नसतील, तर ‘ने’ हा प्रत्यय नाही असे मानायचे.

‘नागपुरल’ हे रूप कुठून आले हे सांगायला हवे. अकारान्त गावांची नावे बऱ्याचदा सामान्यरूप न होताच प्रत्यय घेतात: नागपूरला, सोलापूरच्या, रायगडचा. इथे प्रत्ययाच्या आधी व्यंजन आहे, म्हणून वरची स्वराची अट त्यांना अडवते. ती अट सैल केली तर ‘बंगला’चा ‘बंग’ होईल. त्यापेक्षा ‘पूर’, ‘नगर’, ‘गड’, ‘गाव’ या शेवटांनंतर ‘ला’, ‘चा’, ‘च्या’ काढण्याचा स्वतंत्र नियम केला की बहुतेक गावे सापडतात. उरलेल्यांसाठी गावांच्या नावांची यादी जोडावी, ती सहज मिळते.

सरमिसळीचा त्रास कमी करण्याची आणखी एक रीत म्हणजे सूचीत शोधरूपाबरोबर मूळ शब्दही ठेवणे. जुळणी शोधरूपावर करायची, पण वाचकाने टाइप केलेला शब्द ज्या लेखात जसाच्या तसा आहे तो लेख वर दाखवायचा. ‘पुण्य’ शोधणाऱ्याला मग ‘पुण्य’ असलेले लेख आधी मिळतात आणि पुण्याच्या बातम्या खाली सरकतात.

किती फरक पडतो

मराठीसाठी याचे मोजमाप झाले आहे. फायर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमात 2008 मध्ये हिंदी, बंगाली आणि मराठी बातम्यांचे संग्रह, शोधप्रश्न आणि माणसांनी तपासलेली उत्तरे तयार करण्यात आली. त्यांवर स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातील ल्यिल्याना दोलामिच आणि झाक सावॉय यांनी दोन प्रकारच्या नियमयाद्या चालवून पाहिल्या: एक हलकी, फक्त विभक्ती वगैरे काढणारी, आणि एक आक्रमक, काही साधित शब्दांचे प्रत्ययही काढणारी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार काहीच न काढण्याच्या तुलनेत आक्रमक यादीने शोधाची गुणवत्ता मराठीत सुमारे 42 टक्क्यांनी वाढली, हिंदीत सुमारे 28 आणि बंगालीत सुमारे 18 टक्क्यांनी. जोडून लिहिण्याच्या पद्धतीमुळे मराठीत हरवणारे लेख जास्त, म्हणून मिळणारा लाभही जास्त, असा या आकड्यांचा अर्थ लावता येतो.

त्याच अभ्यासात एक अनपेक्षित गोष्टही आढळली. कोणतेही व्याकरण न वापरता प्रत्येक शब्दाची फक्त पहिली चार चिन्हे ठेवली तरी निकाल आक्रमक यादीच्या जवळपास येतो. ‘पावसाने’, ‘पावसामुळे’, ‘पावसाळा’ हे सगळे अशा कापणीत ‘पावस’ होतात. पण ‘निवडणूक’ आणि ‘निवड’ या दोन्हींचे ‘निवड’ होते, आणि ‘महाराष्ट्र’, ‘महाविद्यालय’, ‘महानगरपालिका’ हे तिन्ही ‘महा’ आणि पुढचे एक चिन्ह एवढ्यावर येऊन थांबतात. ‘महाराष्ट्र’ आणि ‘महाराज’ तर दोघेही ‘महार’. सरासरीत हा तोटा झाकला जातो, पण ‘महाराज’ शोधणाऱ्या वाचकासमोर तो उघडा पडतो. दहा मिनिटांत काम हवे असेल तर चार चिन्हांची कापणी चालेल. ज्या संग्रहाला लोक रोज विचारणार आहेत त्याच्यासाठी अटी घातलेली नियमयादीच करावी.

‘पावसाळा’ आणि ‘पावसाळी’ यांना ‘पाऊस’मध्ये आणायचे की नाही, हा निर्णय संग्रहावर अवलंबून असतो. शेतीविषयक लेखांत ते एकत्र आले तर बरे, पण ‘पावसाळी अधिवेशन’च्या बातम्या पर्जन्यमानाच्या शोधात कोणाला नको असतात. क्रियापदांचे प्रत्यय (‘केले’, ‘करताना’, ‘जाऊन’) बहुतेक हलक्या याद्या सोडून देतात, कारण वाचक शोधतात ती बहुधा नामे असतात आणि क्रियापदांचे नियम नामांशी सतत टक्कर घेतात.

नियमात किंवा अपवादात एका शब्दाचा बदल केला तरी संपूर्ण सूची नव्याने तयार करावी लागते. तसे न केल्यास जुने लेख जुन्या शोधरूपाखाली पडून राहतात आणि नवा शोध नव्या शोधरूपाने होतो. ‘गुजरात’ आज अपवादात घातला, पण सूची जुनीच ठेवली, तर कालपर्यंत ‘गुजर’खाली का होईना, सापडणारे लेखही उद्यापासून सापडेनासे होतात.